बोलतो नीट, ओळखतो नीट, मग वागतो असा का?

वर्षावासाचे दिवस होते. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि दारातच बसल्या. "सिस्टर, दारू नाही, मारहाण नाही, बाई-बिई काही नाही. पण हा माणूस आता तो राहिला नाही. तोंड त्याचंच आहे, आवाज त्याचाच आहे. आत कोण आहे ते मला कळत नाही."

त्यांचे यजमान लादीचं काम करतात. नाव छापत नाही, मिस्त्री म्हणते. वय एकेचाळीस. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात ते साइटवर परांचीवरून खाली आले. उंची दहा-बारा फूट असेल. डोक्याला हेल्मेट नव्हतं, डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटली. थोडा वेळ शुद्ध नव्हती. सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना छोटा मुका मार होता, पण ऑपरेशन लागलं नाही. नऊ दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं की पेशंट चालतो, बोलतो, खातो, शुद्धीत आहे. घरी आल्यावर त्यांनी त्रिशरण-पंचशील एकही शब्द न चुकता म्हटलं, तेव्हा त्यांच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

दीड-दोन महिन्यांत एकेक गोष्ट दिसायला लागली. विहारात ग्रंथवाचन चालू असताना वाचणाऱ्या वयस्कर उपासिकेला ते मोठ्याने म्हणाले, "आजी, तुमचा आवाज बकरीसारखा आहे," आणि स्वतःच हसले. अपघाताआधी हा माणूस विहारात खाली मान घालून बसायचा. नाक्यावर ओळख झालेल्या एकाला त्यांनी घरातले बारा हजार देऊन टाकले, त्याचा पत्ताही विचारला नाही. एका खोलीच्या लादीची उचल घेतली आणि काम असं केलं की मालकाने सगळी लादी उखडायला लावली.

आता घरोघरी जे होतं तेच झालं. आई म्हणाल्या, बाहेरचं झालंय, साइटच्या जागेवर काहीतरी असणार. धाकटा भाऊ म्हणाला, संगत बिघडली. ठेकेदार म्हणाला, पैशासाठी नाटक करतो. आणि खरं सांगते, मी इतकी वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, तरी माझ्या मनातही पहिली शंका दारूचीच आली.

डाळ करपली तेव्हा

सुगावा वहिनींच्याच बोलण्यातून लागला. त्या म्हणाल्या, "परवा मी पाण्याला गेले होते. हे चुलीपासून दोन हातांवर बसले होते. डाळ करपून घरभर धूर झाला, शेजारीण धावत आली, आणि हे टीव्ही बघत होते." मी विचारलं, धूर दिसला नाही का? तर म्हणाल्या, पाठ होती. मग मी मिस्त्रींना भेटायला गेले तेव्हा बरोबर थोडी कॉफीची पूड आणि लवंग नेली. डोळे मिटायला लावून दोन्ही नाकपुड्यांजवळ धरली. त्यांना कशाचाच वास आला नाही. सर्दी नव्हती. पडल्यापासून जेवणाला चव नाही, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, कारण तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

वासाचा आणि वागण्याचा काय संबंध? मेंदूचा पुढचा भाग, ज्याला डॉक्टर फ्रंटल लोब म्हणतात, तो कपाळाच्या मागे आणि डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर टेकलेला असतो. कवटीचं आतलं हाड बाकी बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत आहे, पण डोळ्यांच्या वरचं हे छत खडबडीत आहे, त्याला उंचवटे आहेत. माणूस पडतो तेव्हा कवटी एकदम थांबते, पण आतला मऊ मेंदू पुढे सरकतो आणि त्या खडबडीत हाडावर घासतो. म्हणून मार डोक्याच्या मागे बसला तरी मुका मार पुष्कळदा पुढच्या भागाला होतो. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक धागे त्याच ठिकाणी हाडाच्या चाळणीसारख्या भोकांतून वर जातात. मेंदू सरकला की ते तुटतात. पडल्यानंतर वास गेला असेल, तर त्याच धक्क्याने शेजारचा मेंदूही दुखावला असण्याची शक्यता धरावी लागते. पण वास गेला म्हणजे स्वभाव बदलणारच असं नाही, आणि वास शाबूत असला म्हणजे पुढचा भाग सुरक्षित असंही नाही. ही एक खूण आहे, तेवढीच. दुसरं असं, की साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्त आणि सूज दिसते, पण मेंदूतले तुटलेले बारीक तंतू दिसतीलच असं नाही. म्हणून स्कॅन चांगला आला, तेव्हा हा ढोंग करतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

हा पुढचा भाग बोलणं समजण्याचा, चेहरे ओळखण्याचा किंवा जुन्या आठवणी साठवण्याचा मुख्य कारखाना नाही. ती कामं बरीचशी मागच्या आणि बाजूच्या भागांत होतात. म्हणून मिस्त्री पंचशील बिनचूक म्हणू शकले. पुढच्या भागाचं काम वेगळं आहे. आलेली ऊर्मी थांबवणं, कामाचा क्रम लावून तो धरून ठेवणं, आणि समोरच्या माणसाला ओळखून वागणं. वहिनी ज्याला "आतला माणूस" म्हणत होत्या, त्याचा मोठा भाग या तीन कामांचा बनलेला असतो.

थांबवणारा हात

आपल्या सगळ्यांच्या मनात दिवसभर नको ते येतं. कोणाचा आवाज बकरीसारखा वाटतो, कोणाच्या ताटातला लाडू उचलावासा वाटतो, ठेकेदाराच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आपण ते करत नाही, कारण विचार आणि हात यांच्यामध्ये एक ब्रेक लागतो, आणि तो इतका पटकन लागतो की आपल्याला कळतही नाही. पुढच्या भागाच्या खालच्या बाजूला, त्या खडबडीत हाडावरच्या भागाला मार बसला की हा ब्रेक ढिला होतो. मिस्त्रींच्या मनात नवीन वाईटपणा शिरलेला नव्हता. जे आपल्याही मनात येतं आणि आत राहतं, ते त्यांच्या तोंडावाटे बाहेर येत होतं.

वहिनींना सगळ्यात जास्त बोचत होतं ते हे, की चूक दाखवली की मिस्त्री म्हणायचे, "हो, असं बोलू नये," आणि दहा मिनिटांनी पुन्हा बोलायचे. "कळतंय ना त्यांना? मग मुद्दाम करतात ना?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण नियम माहीत असणं आणि त्या क्षणी नियम लागू होणं ही दोन वेगळी कामं आहेत. मोटारसायकलवाल्याला सिग्नल लाल आहे हे दिसतंय, पण ब्रेकची वायर तुटली आहे, तेव्हा गाडी थांबत नाही. पुढे न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी हेच एका छोट्या तपासणीत आमच्या डोळ्यांसमोर दाखवलं. ते म्हणाले, "मी टेबलावर एकदा टिचकी मारली, की तुम्ही एकदा मारायची. मी दोनदा मारली, तर तुम्ही मारायची नाही." मिस्त्रींनी नियम बरोबर म्हणून दाखवला. डॉक्टरांनी दोनदा टिचकी मारली. मिस्त्री तोंडाने म्हणाले, "आता नाही मारायची," आणि त्याच वेळी बोटाने टक-टक केलं. वहिनींनी ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून त्या "मुद्दाम करतात" असं म्हणाल्या नाहीत.

लादीचा क्रम

दुसरं काम नियोजनाचं. मिस्त्रींनी काम का बिघडवलं हे कळायला मी त्या घरमालकाकडे जाऊन आले. लादी बसवायची म्हणजे आधी पाणसळीने जमिनीची पातळी बघायची, दोरी ताणून काटकोन धरायचा, लादी कोरडीच मांडून कडेला किती तुकडा उरतो ते बघायचं, तुकडे कापून ठेवायचे, आणि मग पुरेल तेवढाच माल कालवायचा, कारण सिमेंट कोणासाठी थांबत नाही. मिस्त्रींनी सकाळी आल्याआल्या सगळी गोणी कालवली. मग लादी कापायला बसले. मध्येच नळ दिसला म्हणून नळ दुरुस्त करायला गेले. परत आले तोवर माल धरला होता. त्यांनी त्यावर पाणी मारून तोच वापरला.

पण मी त्यांना बसवून विचारलं, "मिस्त्री, लादी कशी बसवतात, मला शिकवा," तेव्हा त्यांनी पातळीपासून फटी भरेपर्यंत सगळं एका दमात सांगितलं, एकही पायरी चुकली नाही. वीस वर्षांचं ज्ञान जागच्या जागी होतं. सुटली होती ती पायऱ्यांना ओवणारी दोरी. आता काय करायचं, त्यानंतर काय, मध्ये नळ दिसला तरी तिकडे जायचं नाही, चूक झाली तर थांबून मागे यायचं, हे सगळं पुढचा भाग करतो. काही पेशंटमध्ये उलट चित्र दिसतं. ते काही बिघडवत नाहीत, ते काही सुरूच करत नाहीत. दिवसभर कॉटवर बसतात, आंघोळीला चल म्हटलं की उठतात, नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत तसेच. पुढच्या भागाच्या मधल्या, आतल्या बाजूला मार असला की असं होतं. घरचे त्याला आळशी म्हणतात. मला हे पेशंट जास्त उपेक्षित वाटतात, कारण जो भांडतो त्याला निदान कोणीतरी दवाखान्यात नेतं.

समोरच्याचा चेहरा

तिसरं काम सगळ्यात बारीक आहे. समोरची आजी दुखावली, हे तिच्या चेहऱ्यावरून कळणं. विहारातली थट्टा आणि नाक्यावरची थट्टा वेगळी, हे कळणं. गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल पोटात एक शंका येणं. ही शंका आपण विचार करून आणत नाही, ती आधी येते आणि विचार मागून येतो. मिस्त्रींना ती शंका आलीच नाही. बारा हजार का दिले, विचारलं तर म्हणाले, "मागितले म्हणून." हिशेब त्यांना येत होता, व्याजही सांगता येत होतं. आतून येणारा इशाराच येत नव्हता.

यातच आणखी एक अवघड गोष्ट आहे. स्वतःला बाहेरून बघणं हेही याच भागाचं काम आहे. म्हणून पेशंट प्रामाणिकपणे म्हणतो, "मी होतो तसाच आहे, तुम्हीच बदललात." तो खोटं बोलत नसतो. त्याच्याशी यावर वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही.

हे आधी कुणाच्या लक्षात आलं

स्वभावाचं घर मेंदूत आहे, हे वैद्यकाला शिकवण्यात एका कामगाराचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. फिनिअस गेज हा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू लोखंडी पहारीने ठासत होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी दारू अवेळी पेटली आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची ती पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून डोळ्याच्या मागून डोक्याच्या वर निघून गेली. तो थोड्याच वेळात बोलू लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला. डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याच्यावर उपचार केले. तो जगला, चालू-बोलू लागला. पण अपघाताआधी जो मुकादम मालकांचा सगळ्यात भरवशाचा माणूस होता, त्याला त्यांनी पुन्हा त्या जागेवर घेतलं नाही. हार्लोंनी १८६८ साली लिहिलं त्याचा आशय असा की तो शिवराळ झाला होता, कोणाचं ऐकत नव्हता, बेत आखायचा आणि लगेच सोडून द्यायचा, आणि त्याचे मित्र म्हणत की हा गेज राहिलेला नाही. वहिनींनी माझ्या दारात बसून जवळजवळ तेच म्हटलं होतं.

गेजच्या नावावर पुढे पुष्कळ दंतकथा चिकटल्या, तो कायमचा गुंड झाला असं सांगितलं जातं. पण त्याच्या आयुष्याचा पुढचा भाग लोक विसरतात. १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला आणि सुमारे सात वर्षं तिथे घोडागाडी चालवण्याच्या कामावर राहिला. अनेक घोड्यांची, प्रवाशांची गाडी. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, घोड्यांना खाऊ घालायचं, जुंपायचं, ठरलेल्या रस्त्याने जायचं. पुढे त्याला फिट येऊ लागल्या आणि मे १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे तो वारला. डोक्याचा एवढा भाग गेलेला माणूस सात वर्षं नोकरी टिकवू शकला, याचं एक पटणारं कारण अभ्यासकांनी मांडलं आहे. त्या कामाचा क्रम रोज तोच होता. डोक्यात जी दोरी तुटली होती, ती त्या कामाने बाहेरून पुरवली.

बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्मात नित्य, कधीच न बदलणारा आत्मा नाकारलेला आहे. माणूस कारणांनी घडतो आणि कारणं बदलली की बदलतो. मिस्त्रींच्या आईंना मी एवढंच सांगितलं की बाहेरचं काही आत शिरलेलं नाही, आतलंच दुखावलं आहे, आणि बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून उतारा टाकायला जाऊ नका. त्यांना पटायला तो टिचकीचा किस्सा लागला, माझं बोलणं पुरलं नाही. ते चालायचंच.

तपासणीच्या खोलीत

गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात. ते नाव विचारतात, वार विचारतात, हात-पाय हलवायला लावतात. खोली शांत असते, प्रश्न एकेक येतात, क्रम डॉक्टरच लावतात. म्हणजे पेशंटचा जो भाग दुखावला आहे, त्याचं काम तेवढा वेळ डॉक्टरच करतात. म्हणून असा पेशंट खोलीत अगदी शहाणा दिसतो आणि बाहेर पडल्यावर रिक्षावाल्याशी भांडतो. मिस्त्रींच्या बाबतीत दोन वेळा असंच झालं. "पेशंट ठीक आहे, तुम्हीच घाबरता," असं ऐकून वहिनी परत आल्या होत्या.

तिसऱ्या वेळी आम्ही वही नेली. वहिनींनी पंधरा दिवस मुलीच्या जुन्या वहीत लिहिलं होतं. स्वभाव बिघडला, असं नाही. तारीख, काय घडलं, त्याच्या आधी काय झालं होतं, किती वेळ चाललं, आणि अपघाताआधी ते अशा वेळी कसे वागत. ती वही न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी पूर्ण वाचली आणि मगच त्या टिचकीच्या आणि मूठ-कड-तळव्याच्या तपासण्या केल्या. घरच्यांचं सांगणं हाच या आजारात मोठा पुरावा असतो, हे लक्षात ठेवा. घरी बसून अशा टिचक्या मारून निदान करू नका. थकलेला, अर्धवट झोपलेला, कमी ऐकू येणारा माणूसही त्यात चुकतो.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. रागाचे बरेच प्रसंग गोळी घेतल्यानंतरच्या तासांत होते. फिट येऊ नये म्हणून त्यांना लेव्हेटिरासिटाम नावाची गोळी चालू होती. ही चांगली आणि खूप वापरली जाणारी गोळी आहे, पण काही पेशंटमध्ये तिने चिडचिड वाढते. डॉक्टरांनी ती हळूहळू बदलून दुसरी दिली. तीन आठवड्यांत राग निम्म्याने कमी झाला असं वहिनी म्हणतात. लादीचा क्रम मात्र सुधारला नाही. म्हणजे रागाचा एक भाग गोळीचा होता आणि बाकीचा इजेचा. अशी गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका, एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. डॉक्टरांना सांगा आणि बदलून मागा.

आणि एक वेगळा धोका. मिस्त्रींचा बदल शुद्धीवर आल्यापासून होता, तो लक्षात उशिरा आला. पण एखादा म्हातारा माणूस, दारू पिणारा किंवा रक्त पातळ होण्याची गोळी घेणारा माणूस किरकोळ पडतो, तेव्हा ठीक असतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी वागणं बदलू लागतं. डोकं दुखतं, झोप फार येते, चाल अडखळते, एक हात कमजोर होतो. तिथे कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत असू शकतं. ते ऑपरेशनने काढता येतं आणि माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, दुसरा सीटी स्कॅन मागा. पडला तेव्हाचा स्कॅन चांगला होता, म्हणून गप्प बसू नका.

घरात काय बदललं

तुटलेला ब्रेक परत लावणारी गोळी नाही. पहिल्या वर्षात सुधारणा जास्त होते, नंतरही होते पण सावकाश, आणि पूर्ण पूर्वीसारखं होईलच असं मी कोणालाही सांगत नाही. म्हणून घरानेच काही वेळ पुढचा भाग व्हायचं. मिस्त्रींच्या मुलीने पुठ्ठ्यावर लादीच्या पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहिल्या. पहिली पायरी झाल्याशिवाय दुसरीवरचा कागद उघडायचा नाही. आता ते पुतण्याबरोबर जातात. पुतण्या क्रम सांभाळतो, हात मिस्त्रींचा. माल पुतण्याच कालवतो. मुकादमकी आणि पैशाचे व्यवहार त्यांच्याकडे नाहीत. पासबुक, एटीएम कार्ड वहिनींकडे आहे आणि रोज ठरलेले पैसे खिशात मिळतात. यावर पहिला आठवडा खूप भांडण झालं, मग सवय झाली. विहारात ते दाराजवळ बसतात, शेजारी भाऊ. तोंड सुटायला लागलं की भाऊ मांडीवर हात ठेवतो. लोकांसमोर ओरडत नाही, मागचे प्रसंग उकरत नाही. लांबलचक समजावणं थांबवलं आहे. "मिस्त्री, थांबा" एवढेच दोन शब्द. गर्दी, लाउडस्पीकर, उपाशी पोट आणि अपुरी झोप यांनी त्यांचा दिवस बिघडतो, हे वहीतच दिसलं होतं. दारू पूर्ण बंद, कारण दुखावलेला मेंदू थोड्या दारूनेच झिंगतो आणि फिटचा धोका वाढतो.

त्या उपासिका आजींकडे वहिनी स्वतः जाऊन सगळं सांगून आल्या. आजी म्हणाल्या, "बकरीसारखा आहेच गं माझा आवाज. पण सांगितलंस ते बरं केलंस."

एक गोष्ट मला भगिनींना वेगळी सांगायची आहे. एकदा मिस्त्रींनी मुलीला ढकललं. इजा हे त्याचं कारण आहे, परवानगी नाही. मार खात राहणं हा सेवेचा भाग नाही. त्या क्षणी वाद न घालता मुलांना घेऊन खोलीबाहेर पडा, शेजारी आधीच सांगून ठेवा, घरातली हत्यारं कुलपात ठेवा. मदतीसाठी महिलांचा १८१ हा क्रमांक आहे, आणि मनाच्या त्रासासाठी, सांभाळणाऱ्याच्यासुद्धा, १४४१६ वर टेली मानसवर मोफत बोलता येतं. सांभाळणारीची झोप गेली की दोन पेशंट होतात.

कागदांचंही सांगते. डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. डिस्चार्ज कार्डावर "चालतो, बोलतो" एवढंच असेल तर पुढे ठेकेदार त्याच ओळीवर बोट ठेवतो. म्हणून डॉक्टरांकडून वागण्यातला आणि काम करण्याच्या क्षमतेतला बदल लेखी घ्या. कामावर झालेल्या इजेची भरपाई कायद्याने मागता येते, आणि तो दावा साधारणपणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. त्रास टिकून राहिला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी तपासणी मागता येते. मिस्त्रींचा दावा अजून चालू आहे, निकाल लागलेला नाही.

वास परत आलेला नाही. त्यामुळे गॅस गळला तर मिस्त्रींना कळणार नाही, शिळं-आंबलेलंही कळत नाही. रात्री झोपण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलं आहे. पुठ्ठ्यावरच्या पायऱ्यांखाली तिने ते शेवटच्या ओळीत लिहिलं आहे आणि समोर रोज खूण करते.